दुखणं येण्याआधी सर्जरीत नाव

डॉक्टर, नमस्कार. मी डिचोलीचा, वय ३४. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात होतो. दीड महिन्यापूर्वी स्किल्ड वर्कर व्हिसावर इंग्लंडात स्विंडनला आलो. मला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहे. येताना तीन महिन्यांच्या गोळ्या आणल्या होत्या, निम्म्या संपल्या. घराजवळच्या सर्जरीत, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, नाव नोंदवायला गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी पत्त्याचा पुरावा मागितला. मी गोव्याच्याच तिघांसोबत राहतो, सगळी बिलं घरमालकाच्या नावावर. सोबतचे म्हणतात, नाव नोंदवून उपयोग नाही, डॉक्टर भेटतच नाही, काही झालं तर सरळ इस्पितळाच्या इमर्जन्सीत जायचं, तिथे सगळं फुकट असतं. आई रोज फोनवर विचारते. नक्की काय करू? — नीलेश

प्रिय नीलेश,

उद्या-परवाच नाव नोंदवा. पत्त्याच्या पुराव्यासाठी थांबू नका, कारण तो लागतच नाही. इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, व्हिसा किंवा एनएचएसचा, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचा, नंबर यांपैकी काहीही आवश्यक नाही. काउंटरवरून कागद मागितला जाऊ शकतो, पण तो नाही म्हणून तुम्हाला परत पाठवता येत नाही. सर्जरी नकार देऊ शकते ती दोन-तीन कारणांनीच. त्यांची यादी भरलेली असेल, तुमचं घर त्यांच्या हद्दीबाहेर असेल, किंवा दुसरं एखादं सबळ कारण असेल. नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागतं.

त्या बाईंचा दोष फारसा धरू नका. बऱ्याच सर्जऱ्यांमध्ये हा जुना पायंडा आहे आणि काउंटरवर नवीन बसलेल्या माणसाला नियम कुणी सांगितलेला नसतो. मी स्वतः तिकडच्या सर्जरीत काही वर्षं काम केलं आहे. हा घोळ तेव्हाही होता. पुन्हा त्याच काउंटरवर जाऊन वाद घालण्यापेक्षा बाजूच्या रस्त्याने जा. nhs.uk वर ‘Find a GP’ या पानावर आपला पोस्टकोड टाका. जवळच्या सर्जऱ्या अंतराप्रमाणे दिसतात आणि कोण नवीन रुग्ण घेतंय तेही तिथे लिहिलेलं असतं. बहुतेक सर्जऱ्यांच्या पानावर ‘Register with a GP surgery’ अशी ऑनलाइन नोंदणी असते, ती रात्री जेवण झाल्यावर घरबसल्या भरता येते. ऑनलाइन नसेल तर नोंदणीचा कागदी फॉर्म मागायचा. राहता ती जागा तुमच्या नावावर असण्याची गरज नाही. एका घरात चौघे राहत असाल तर चौघांनीही तोच पत्ता घालायचा.

त्याच सर्जरीत जायचं असेल आणि पुन्हा पुरावा मागितला, तर शांतपणे एवढंच सांगा की एनएचएस इंग्लंडच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नोंदणीसाठी ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा लागत नाही, तरीही नाकारत असाल तर कारण लेखी द्या. ‘लेखी’ म्हटलं की सहसा आतून मॅनेजर बाहेर येतात आणि काम होतं. तरीही नाहीच झालं, तर त्या भागाची आरोग्यसेवा बघणाऱ्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे तक्रार करता येते. पण दीड महिन्यात निम्म्या गोळ्या संपलेल्या माणसाने आधी दुसरी सर्जरी शोधावी, तक्रार सवडीने करावी.

पैशांचंही एकदा स्पष्ट करतो, कारण ‘फुकट’ हा शब्द तुमच्या खोलीत फार सैलपणे वापरला जातोय. व्हिसाच्या अर्जासोबत तुम्ही इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरला असणार. फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढ कामगारासाठी तो वर्षाला १,०३५ पौंड आहे, म्हणजे तीन वर्षांच्या व्हिसाचे ३,१०५. ते पैसे भरले की जीपी, इस्पितळ, तपासण्या, शस्त्रक्रिया हे सगळं तुम्हाला तिकडच्या कायम रहिवाशासारखं मिळतं. हे तुमच्या खिशातून आधीच गेलेलं आहे, तेव्हा सर्जरीच्या दारात उपकार मागायला आल्यासारखं उभं राहायचं कारण नाही. वेगळे पैसे लागतात ते औषधांचे, दातांचे आणि चष्म्याचे. दातांचं प्रकरण वेगळंच आहे. एनएचएसवर नवीन रुग्ण घेणारा डेंटिस्ट मिळणं बऱ्याच गावांत कठीण असतं. दाढ दुखत असेल तर पुढच्या सुट्टीत गोव्यात दाखवा, असं मी बिनधास्त सांगेन. बाकी कशासाठीही सुट्टीची वाट पाहू नका.

आता गोळ्या. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याच ओळीची.

डिचोलीच्या बाजारात तुम्ही फार्मसीत गोळ्यांची रिकामी पट्टी दाखवली की नवीन पट्टी हातात पडते. तिथे तसं होणार नाही. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाहीत, आणि गोव्यातल्या डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी तिथल्या फार्मसीत चालत नाही. गोळ्या अचानक संपल्या तर तातडीने थोडा साठा देण्याची सोय फार्मासिस्टकडे असते, पण त्यासाठी ते औषध आधी तिथल्या डॉक्टरने लिहिलेलं असावं लागतं. तुमचं अजून कुणी लिहिलेलंच नाही. म्हणून गोळ्या संपायच्या आधी जीपीच्या नोंदीत ती औषधं चढणं हे तुमचं पहिलं काम आहे. अर्ज, नाव चढणं, पहिली भेट, रक्ततपासणी आणि मग औषध सुरू होणं, या सगळ्याला तीन-चार आठवडे धरून चला. तुमच्याकडे साधारण सहा आठवड्यांच्या गोळ्या आहेत. म्हणजे आठवडाभर आळस करायलाही फारशी जागा नाही.

पहिल्या भेटीला जाताना गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या आणि एका कागदावर ब्रँडचं नाव नव्हे, तर आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून न्या. औषध कंपनीतच होता, तेव्हा हे तुम्हाला सोपं जाईल. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं घालून देण्याची फार सवय आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र, टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन एकत्र, असं. यातल्या पुष्कळ जोडगोळ्या तिथे मिळत नाहीत किंवा लिहिल्या जात नाहीत. मग डॉक्टर ती औषधं सुटी करतात, कधी ग्लिमेपिराइडच्या जागी ग्लिक्लाझाइड देतात. एका गोळीच्या दोन झाल्या म्हणून आजार वाढला असं समजू नका. पण गोव्याहून आणलेली जोडगोळी आणि तिथे मिळालेल्या सुट्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नका. हे सांगायचं कारण असं की उरलेल्या ‘वाया जाऊ नयेत’ म्हणून दोन्ही घेणारे लोक मी पाहिलेत. त्यात साखर एकदम खाली जाते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. आपल्याकडे रक्तातली साखर मिलिग्रॅममध्ये सांगतात, तिथे मिलिमोलमध्ये. आपल्या आकड्याला १८ ने भागलं की त्यांचा आकडा येतो. उपाशीपोटी १४४ म्हणजे तिथे ८. तिथल्या मीटरवर ८ दिसल्यावर घाबरून साखर खाऊ नका. तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी असते, एचबीएवनसी, ती आपण टक्क्यांत वाचतो. ७ टक्के म्हणजे तिथे ५३, आणि ७.६ टक्के म्हणजे जवळपास ६०. फोनवर कुणी ‘तुमचा रिपोर्ट ६० आलाय’ म्हटलं तर छातीत धस्स होऊ देऊ नका. आईला कळवतानाही टक्क्यांतच कळवा, नाहीतर त्या रात्रभर झोपणार नाहीत.

औषधांना इंग्लंडमध्ये सध्या प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड पडतात. तुमची चार औषधं झाली तर एका वेळचे ३९.६० पौंड. पण तुम्हाला ते द्यायची गरज नाही. मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याला मेडिकल एक्झेम्प्शन सर्टिफिकेट मिळतं. ते पाच वर्षं चालतं आणि त्यात फक्त मधुमेहाचीच नव्हे, तर रक्तदाबाची, पुढे कधी घशासाठी दिलेल्या अँटिबायोटिकचीही औषधं मोफत होतात. फक्त पथ्यावर असलेल्यांना हे नाही. सर्जरीत FP92A हा फॉर्म मागायचा, तुमचा भाग भरायचा, बाकीचं डॉक्टर सही करून पाठवतात. कुणी आपण होऊन हे सांगेल अशी वाट पाहू नका. सर्टिफिकेट हातात नसताना प्रिस्क्रिप्शनच्या मागे ‘मला सूट आहे’ अशी खूण करू नका. तपासणीत सापडलं तर औषधाच्या पैशांवर १०० पौंडांपर्यंत दंड बसतो. त्याऐवजी सर्टिफिकेट येईपर्यंत पैसे भरा आणि भरतानाच फार्मसीत FP57 ही पावती मागा. ती नंतर मिळत नाही, आणि तिच्याशिवाय परतावाही मिळत नाही.

एकदा औषधं ‘रिपीट’वर चढली की दर महिन्याला डॉक्टरला भेटायची गरज उरत नाही. एनएचएस अ‍ॅपवरून मागायची, आपण निवडलेल्या फार्मसीत ती जातात. संपायच्या आठवडाभर आधी मागा. आणि नावापुढे मधुमेहाची नोंद झाली की डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, पायांची तपासणी, वर्षाची रक्ततपासणी यांची बोलावणी येऊ लागतात. सोबतचे जे म्हणतात ना की नाव नोंदवून उपयोग नाही, त्यांना हे दिसत नाही, कारण त्यांना मधुमेह नाही.

‘डॉक्टर भेटतच नाही’ यात मात्र थोडं तथ्य आहे. आपला फॅमिली डॉक्टर म्हणजे संध्याकाळी दवाखान्यात जाऊन बाकावर बसलं की तासाभरात नंबर लागणार, आणि त्याला आपल्या आजीचंही दुखणं माहीत असणार. तिथे तसं नाही. सर्जरी सोमवार ते शुक्रवार सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा चालते. त्याच दिवसाच्या भेटीसाठी आठ वाजता फोनची रांग लागते. तातडीचं नसेल तर सर्जरीच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर लिहून पाठवा, ते जास्त बरं. रिसेप्शनिस्टने ‘काय होतंय’ विचारलं तर चोंबडेपणा समजू नका. तुम्हाला डॉक्टरकडे पाठवायचं, नर्सकडे, की सर्जरीतल्या फार्मासिस्टकडे, हे त्यावर ठरतं. उत्तर गोलमाल दिलंत तर भेट पुढच्या आठवड्यातली मिळते. साधारण दहा मिनिटांची भेट असते आणि त्यात एकच तक्रार नीट होते. तीन तक्रारी घेऊन गेलात तर तिन्ही अर्धवट राहतात.

दुभाष्या मागायचा हक्क तुम्हाला आहे आणि त्याचे पैसे लागत नाहीत. भेट ठरवतानाच मराठी किंवा कोंकणी असं सांगून ठेवा. खोलीतल्या मित्राला दुभाष्या म्हणून नेऊ नका. चौघे एका घरात राहत असताना आपलं दुखणं सगळ्यांना कळणं काही बरं नव्हे. आणि डॉक्टरला जे सांगाल ते तुमच्या कंपनीला जात नाही.

आता इमर्जन्सीकडे येऊ. तिकडे तिला ए अँड ई म्हणतात आणि स्विंडनला ती ग्रेट वेस्टर्न हॉस्पिटलमध्ये आहे. तिथे गेलात तर कुणी हाकलणार नाही, ए अँड ईत तपासायचे पैसेही लागत नाहीत. पण तिथे नंबर लागतो तो आल्याच्या क्रमाने नव्हे, तर दुखण्याच्या गंभीरपणाने. बांबोळीला गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत निदान कुणी ओळखीचा कंपाउंडर, कुणाचा भाचा इंटर्न निघतो. तिथे ओळख चालत नाही. रुग्णवाहिकेतून आलात म्हणून पुढचा नंबर मिळत नाही. ताप आणि घसा घेऊन गेलात तर पाच-सहा तास बसून शेवटी ‘जीपीला दाखवा’ हेच ऐकाल. रोजच्या गोळ्या तर ते लिहून देतच नाहीत.

खरी अडचण मात्र पुढे असते. ए अँड ईचं काम आजची रात्र निभावण्याचं. पुढची तपासणी, औषध बदलणं, तज्ज्ञाकडे पाठवणं यासाठी ते तुमच्या जीपीला पत्र पाठवतात. जीपीच नसेल तर ते पत्र कुणाकडे जाणार? ‘दोन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासा’ असं त्यात लिहिलेलं असतं आणि ते वाचणारंच कुणी नसतं.

एक प्रसंग धरू, मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत तो होण्याची शक्यता खरीच आहे. नवीन कामावर सेफ्टी शूज मिळाले, टाचेला घासून फोड आला. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असली तर दुखत नाही, म्हणून दोन-तीन दिवस लक्ष गेलं नाही. शुक्रवारी रात्री आठला मोजा काढताना दिसलं की फोड फुटून भोवती दोन बोटं लालसर झालंय, हात लावल्यावर गरम लागतंय. ताप नाही. सर्जरी बंद, सोमवारपर्यंत उघडणार नाही.

पहिला विचार फार्मसीचा येईल. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून फार्मासिस्टला सात ठरावीक दुखण्यांवर, गरज पडल्यास अँटिबायोटिकसकट, उपचार करता येतात. घसादुखी, सायनस, कीटक चावून चिघळलेली जागा, नागीण वगैरे. साध्या घशासाठी तिथेच जा, भेट ठरवावी लागत नाही. पण मधुमेहाच्या पायाची जखम त्या यादीत नाही. चांगला फार्मासिस्ट मोजा काढायला लावून बघेल आणि पुढे पाठवेल. तेव्हा तो फेरा वाचवा.

सोमवारची वाट बघू का, हा दुसरा विचार. नको. दुसऱ्या कुणाची टाच असती तर चाललं असतं. मधुमेहात पायाचा संसर्ग वरून छोटा दिसतो आणि आत हाडापर्यंत गेलेला असू शकतो. त्याला एका कामाच्या दिवसाच्या आत पायांच्या पथकाकडे पोहोचवायचं असा तिथला दंडक आहे.

म्हणून १११ ला फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो. आपल्या १०८ सारखा थेट गाडी पाठवणारा नंबर म्हणून त्याच्याकडे पाहू नका. काय होतंय ते ऐकून कुठे, किती वेळात जायचं हे ठरवून देणारा तो फोन आहे. इंग्रजी अडखळत असेल तर पहिल्याच वाक्यात भाषेचं नाव इंग्रजीत सांगा, ते दुभाष्याला जोडतात, थोडा वेळ लागतो. समोर बोलणारा माणूस डॉक्टर नसतो. त्याच्यापुढे प्रश्नांची साखळी असते आणि ती त्याला क्रमाने पुरी करावी लागते. नाव, जन्मतारीख, पोस्टकोड, जीपी कोण. मग श्वास लागतोय का, रक्त वाहतंय का, छातीत दुखतंय का. ‘अरे बाबा, माझ्या टाचेला लागलंय’ म्हणून वैतागू नका. आधी जिवावरचं काही नाही हे त्यांना पक्कं करायचं असतं. तुम्ही मात्र संधी मिळताच चार गोष्टी ठळक सांगा. मला मधुमेह आहे. जखम टाचेला आहे आणि तीन दिवसांची आहे. लाली अमुक इतकी पसरलीय. ताप नाही. ‘मधुमेह’ हा शब्द राहिला तर उत्तर ‘सोमवारी जीपीला दाखवा’ असं येऊ शकतं.

बहुधा दोनपैकी एक होतं. ‘क्लिनिशियन परत फोन करेल’ असं सांगतात, किंवा अर्जंट ट्रीटमेंट सेंटरची वेळ ठरवून देतात. परतीचा फोन पुष्कळदा नंबर न दिसता येतो. भारतातल्या लोन विकणाऱ्या फोनांच्या सवयीने आपण असे फोन कापतो. त्या रात्री कापू नका. अर्जंट ट्रीटमेंट सेंटर म्हणजे ए अँड ई आणि जीपी यांच्या मधलं ठिकाण. आठवड्याचे सातही दिवस, दिवसाला किमान बारा तास उघडं असतं. जखम बघतात, अँटिबायोटिक देतात, गरज पडल्यास पुढे पाठवतात. जाताना गोळ्यांची यादी आणि असलाच तर एनएचएस नंबर घेऊन जा. तो दहा आकडी असतो, अ‍ॅपमध्येही दिसतो.

निघण्यापूर्वी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. पुढचं सगळं ठरवायला या रेघेचा उपयोग होतो. दोन-तीन तासांत लाली रेघ ओलांडून घोट्याकडे गेली, थंडी वाजून ताप भरला, कातडी काळसर झाली किंवा पू येऊन घाण वास सुटला, तर ठरवलेल्या वेळेची वाट न पाहता सरळ ए अँड ईत जा. बोलण्यात गोंधळ, विलक्षण गुंगी, श्वास भराभर, कातडी निळसर किंवा फिकी पडून ठिपके, यातलं काही दिसलं तर खोलीतल्या माणसाने ९९९ या तिकडच्या आणीबाणीच्या नंबरला फोन करायचा. संसर्ग रक्तात पसरल्याची ती लक्षणं आहेत. अशा वेळी माणसाला स्वतःला काही कळत नसतं, म्हणून ही ओळ सोबतच्या तिघांनाही वाचून दाखवा.

सोमवारी सकाळी, रात्री औषध मिळालं असलं तरी, सर्जरीला कळवा की शुक्रवारी पायाला संसर्ग झाला होता आणि मला मधुमेह आहे, पायांच्या तज्ज्ञाकडे पाठवा. सेंटरची नोंद सर्जरीकडे आपोआप जाते, पण पुढचं पाऊल कुणीतरी टाकावं लागतं आणि ते तुम्ही टाकलेलं बरं.

९९९ कशासाठी, हेही एकदा डोक्यात पक्कं करा. छातीवर दाब येऊन तो हातात, जबड्यात जाणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं किंवा हात उचलता न येणं, श्वास न पुरणं, न थांबणारं रक्त, शुद्ध हरपणं. मधुमेहात हृदयाचा झटका कधी कधी फारसं न दुखताही येतो. नुसता घाम, मळमळ, अचानक थकवा आणि श्वास लागणं एवढंच होतं. यात १११ करून वेळ घालवू नका आणि मित्राच्या गाडीतूनही निघू नका. रुग्णवाहिकेचे पैसे लागत नाहीत. फोन लागल्यावर आधी विचारतात कोणती सेवा हवी, मग रुग्ण श्वास घेतोय का आणि कुठे आहात. गोव्यात आपण ‘देवळाकडून उजवीकडे, पिंपळाजवळ’ असं सांगतो आणि १०८ चा चालक पोहोचतो. तिथे घर नंबर आणि पोस्टकोड सांगा. तो कागदावर लिहून स्वयंपाकघरात फ्रिजवर लावून ठेवा. नवीन देशात दीड महिन्यात पोस्टकोड कुणाला पाठ नसतो, आणि घाबरल्यावर तर मुळीच आठवत नाही.

कामाचंही विचारणार होतात असं पत्रावरून वाटतं. आजारपणामुळे सात दिवसांपर्यंत घरी राहिलात तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागत नाही, तुम्ही स्वतःच लिहून द्यायचं असतं. सुट्टीचे वार धरूनचे सात दिवस. आठव्या दिवसापासून फिट नोट, म्हणजे आजारपणाचं सर्टिफिकेट, लागते. ती डॉक्टरच नव्हे, तर नर्स किंवा फार्मासिस्टही देऊ शकतात. पहिल्या दोन दिवसांच्या तापासाठी सर्टिफिकेट मागायला सर्जरीत जाऊ नका, देणार नाहीत. मात्र आजारी आहात हे कंपनीला पहिल्याच दिवशी, करारात सांगितलेल्या वेळेआधी कळवा.

खोली बदलून दुसऱ्या भागात गेलात तर नवीन पत्ता सर्जरीला कळवा किंवा तिथल्या सर्जरीत नाव हलवा. इस्पितळाची बोलावणी अजूनही पुष्कळदा टपालाने येतात, आणि जुन्या पत्त्यावर आलेलं पाकीट पुढचा भाडेकरू उघडतही नाही. एका वेळी एकाच सर्जरीत नाव राहतं. नवीन ठिकाणी नोंदवलं की जुनं आपोआप निघतं आणि कागद मागोमाग जातात.